फायनलला किती पडले तर सरासरी जागची हलत नाही?

अमेरिकेत एमएसला नुकतेच आलेल्यांसाठी लिहितोय. वेटेज म्हणजे काय, सिलॅबस कुठे बघायचा, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. बी म्हणजे ३.० आणि बी मायनस म्हणजे २.७, आणि बऱ्याच विभागांत जीपीए ३.०च्या खाली गेला की प्रोबेशनची भाषा सुरू होते. त्यामुळे सेमिस्टरच्या शेवटी सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशोब असतो: आत्ता आहे ती सरासरी टिकवायला फायनलला किती लागतील?

उत्तर आधीच सांगून टाकतो. जेवढी सरासरी आहे तेवढेच. सरासरी ८४ असेल तर ८४. मग फायनल २० टक्क्यांची असो, ३०ची असो नाहीतर ५०ची. ग्रुपवर कुणीतरी सीनियर हमखास लिहितो, "फायनल जड आहे, टिकवायला नव्वदच्या वर लागतील." असं छातीठोक सांगणारे सीनियर पैशाला पासरी मिळतात. कागदावर दोन ओळी मांडून दाखवणारा भेटला तर त्याला धरून ठेवा.

आपण मांडूनच बघू. समजा एका कोर्सला होमवर्क २० टक्के, क्विझ १० टक्के, दोन मिडटर्म प्रत्येकी २० टक्के आणि फायनल ३० टक्के. होमवर्कला ९३ पडलेत, क्विझला ८०, मिडटर्मना ७७ आणि ८४. आता प्रत्येकातून पदरात काय पडलं? होमवर्कचे १८.६, क्विझचे ८, मिडटर्मचे १५.४ आणि १६.८. बेरीज ५८.८. पण हे १०० पैकी नाहीत, ७० पैकी आहेत, कारण उरलेले ३० अजून फायनलच्या ताब्यात आहेत. ५८.८ भागिले ७०, म्हणजे ८४ टक्के. ही तुमची आजची सरासरी.

आता फायनलला ८४ पडले असं धरा. ३० चे ८४ टक्के म्हणजे २५.२. ५८.८ मध्ये २५.२ मिळवा, ८४ येतात. जिथे होतात तिथेच.

असं का होतं, ते वेटेजकडे बघितलं की कळतं. आतापर्यंतच्या ७० टक्क्यांमधल्या प्रत्येक टक्क्यामागे तुम्ही सरासरी ०.८४ कमावलेत. फायनलच्या ३० टक्क्यांमागेही त्याच दराने कमावलंत, तर शंभरच्या शंभर टक्क्यांचा दर ०.८४च राहणार. समीकरणच हवं असेल तर सरासरीला स आणि फायनलला फ म्हणा: ०.७स + ०.३फ = स. ०.७स पलीकडे नेलं की ०.३फ = ०.३स उरतं आणि दोन्हीकडचा ०.३ उडतो. वेटेजच उडून जातं, म्हणून ते कितीही असलं तरी उत्तर तेच. क्रिकेटमध्ये तरी वेगळं काय होतं? ४० ची सरासरी असलेला फलंदाज पुढच्या डावात ४० वर बाद झाला, तर तो त्याचा अकरावा डाव असो की एकशे अकरावा, सरासरी ४०च.

मग जड फायनलची भीती सगळी खोटी? नाही. वेटेज ठरवतं ते सरासरी किती हलणार हे. फायनल सरासरीपेक्षा जितकी वर किंवा खाली जाईल, त्याच्या ०.३ पट एकूण आकडा सरकतो. ९४ पडले तर १० चे ०.३, म्हणजे ३ वाढून ८७. ७४ पडले तर ८१. फायनल ५० टक्क्यांची असती तर हेच ८९ आणि ७९ झाले असते. यातली कडू गोष्टही ऐकून घ्या: १००ला १०० पडले तरी ३० टक्क्यांच्या फायनलने ८४ चे ८८.८च होतात. ए मायनस ९० ला असेल तर तो गेला. रात्रभर जागून तो परत येणार नाही, तो वेळ दुसऱ्या विषयाला द्या.

आता ज्यात मी अडकलो, आणि दरवर्षी कुणी ना कुणी अडकतंच, ते सावकाश वाचा. वरच्या हिशोबात दोन आकडे आले: ८४ आणि ५८.८. स्क्रीनवर यातला कोणता दिसतोय, हे आधी तपासा. कॅनव्हासमध्ये ग्रेड्सच्या पानावर `Calculate based only on graded assignments` असा चौकोन असतो. तो टिक केलेला असेल तर फक्त तपासून झालेल्या गोष्टी धरल्या जातात आणि ८४ दिसतात. टिक काढली की न झालेली फायनल शून्य धरली जाते आणि ५८.८ दिसतात. प्राध्यापकांनी फायनलच्या रकान्यात आधीच ० टाकून ठेवला असेल, तर टिक असूनही ५८.८च. ते बघून पोटात गोळा येतो, नापास झालो असं वाटतं. अजिबात झालेलं नसतं. ती सरासरी नाही, ती आतापर्यंतची जमा आहे, आणि जमा फायनलने फक्त वाढू शकते.

उलटी चूक याहून महाग पडते. "सरासरी ५८.८ आहे, म्हणजे टिकवायला ५८.८ पुरे" असं धरून कुणी निवांत बसला आणि खरंच तेवढे पडले, तर एकूण होतात ७६.४४. बी हातचा गेला. म्हणून सूत्र लावण्याआधी स्वतःला विचारा, हा आकडा किती टक्क्यांपैकी आहे? ७० पैकी असेल तर ७० ने भागा, मगच ती सरासरी. आणि ९३, ८०, ७७, ८४ यांची सरळ बेरीज करून चाराने भागू नका. ८३.५ येतात, जवळचे वाटतात, पण त्यात १० टक्क्यांच्या क्विझला २० टक्क्यांच्या होमवर्कइतकाच मान मिळतो.

थोडा दिलासाही आहे. सरासरी टिकवणं आणि ग्रेड टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बी ८३ पासून सुरू होत असेल तर ८४ वरून तुम्ही १ गमावू शकता. १ ला ०.३ ने भागलं की ३.३३ येतात, म्हणजे फायनलला ८१ पडले तरी एकूण ८३.१ होऊन बी राहतो. ८० ला मात्र ८२.८, आणि तिथे राउंडिंग करतात की नाही ते सिलॅबसमध्ये बघा. प्राध्यापकांना मेल लिहून गयावया करण्यापेक्षा टीएच्या ऑफिस अवरला जाऊन कटऑफ विचारलेला बरा.

शेवटचं एक कलम सिलॅबसमध्ये आवर्जून शोधा: फायनल जास्त असेल तर ती सर्वांत कमी मिडटर्मच्या जागी धरली जाईल. हे असेल तर वरचा नियम तसाच्या तसा लागू पडत नाही, कारण फायनल आता ७७ ची जागाही घेते आणि तिचं वजन ३० वरून ५० टक्के होतं. ७७ वगळून जमा उरते ४३.४. ८४ राखायला उरलेले ४०.६ या ५० टक्क्यांतून यायला हवेत, म्हणजे फायनलला ८१.२ पुरतात. ते ७७ च्या वर आहेत, त्यामुळे अदलाबदल लागू होतेच. आणि ८४ पडले तर एकूण ८५.४ वर जातं.