k काढताना सूत्र कुठे बदलतं ते आधी बघा

लातूरकडच्या एका गावात पाण्याचा टँकर किती तास उशिरा येतो, ते x धरू. संभाव्यता घनता फलन असं दिलंय:

० ते २ तास: f(x) = kx
२ ते ६ तास: f(x) = k(६ − x)/२

एकूण क्षेत्रफळ १ हवं, म्हणून दोन्ही तुकड्यांचं संकलन वेगवेगळं करून बेरीज घ्या. पहिला तुकडा २k, दुसरा ४k. म्हणून ६k = १, आणि k = १/६. आलेख त्रिकोणी आहे. पाया ६, उंची २k, क्षेत्रफळ ६k. ताळा जुळला.

आता टँकर १ ते ४ तास उशिरा येण्याची संभाव्यता काढू. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण २ वर सूत्र बदलतं हे विसरून एकच सूत्र १ ते ४ लावलं जातं. x/६ लावलं तर १.२५ येतं, १ च्या वर गेलं म्हणून चूक लगेच दिसते. पण (६ − x)/१२ लावलं तर ०.८७५ येतं, दिसायला अगदी बरोबर, आणि तरीही चूक. ही दुसरी चूक जास्त घातक.

बरोबर रीत: १ ते २ मध्ये x/६ चं संकलन १/४, २ ते ४ मध्ये (६ − x)/१२ चं १/२. बेरीज ३/४.

ताळ्यासाठी उरलेला भाग काढा: १ तासाच्या आत १/१२, ४ तासांनंतर २/१२, मिळून १/४. ३/४ आणि १/४ मिळून १ भरले.