फोटोवरून शेंगेन व्हिसाचा अर्ज तपासताना

ताई-दाजी नोकरीमुळे आखातात राहतात. जूनमध्ये मुलांना घेऊन पॅरिस आणि रोमला जायचं ठरलं, दाजींनी चौघांचे शेंगेन व्हिसाचे, म्हणजे एकाच व्हिसावर युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरता येतं त्याचे, अर्ज हातानं भरले आणि रात्री मला पानांचे फोटो धाडले, "जरा नजर टाक." चौदा फोटो होते. त्यातल्या पाचांवर ट्यूबलाइटची चकाकी, दोघांची खालची कड कापलेली, आणि कुठलं पान कोणाचं याचा पत्ता नाही, कारण या अर्जात नाव फक्त पहिल्या पानावर येतं. तुमच्याकडेही असं काम येणार असेल, तर पहिली तयारी फोटोंची करा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर नाव आणि पान क्रमांकाची चिठ्ठी ठेवायला सांगा, चारही कोपरे फोटोत यायला हवेत, आणि मेसेजमधून पाठवताना फोटो म्हणून नव्हे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे अक्षरं फुटत नाहीत. सोबत प्रत्येकाच्या पासपोर्टचं फोटोचं पान, राहण्याच्या परवान्याच्या दोन्ही बाजू आणि विमानाचं तिकीट मागून घ्या. नुसता अर्ज वाचून त्यातली चूक कळत नाही. अर्ज या कागदांशी ताडून बघावा लागतो.

वाचायला मात्र पहिल्या रकान्यापासून बसू नका. सरळ 25 आणि 26 वर जा. 25 मध्ये मुख्य देश कोणता ते विचारलंय आणि 26 मध्ये शेंगेन क्षेत्रात पहिलं पाऊल कुठे पडणार ते. दाजींनी दोन्हीकडे फ्रान्स लिहिलं होतं आणि फ्रान्सच्या व्हिसा केंद्राची वेळही घेऊन ठेवली होती. तिकीट उघडलं तर 12 जूनला सकाळी विमान फ्रँकफर्टला उतरतंय, तिथून दोन तासांनी पॅरिसचं विमान. पॅरिसला चार रात्री, मग 16 तारखेपासून रोमला पाच रात्री, आणि परतीचं विमान रोमहून.

आता हिशोब असा: मुक्काम जास्त दिवस जिथे, तो मुख्य देश. इथे पाच रात्रींचा इटली. दिवस समसमान निघाले तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. म्हणजे अर्ज इटलीकडेच जायला हवा होता. फ्रान्सकडे दिला असता तर त्यांनी हे आमच्याकडचं प्रकरण नाही म्हणून परत केला असता, आणि तोवर सुट्टीचे दिवस सरले असते. 26 मध्ये तर फ्रान्सही नाही आणि इटलीही नाही, जर्मनी. फ्रँकफर्टहून पॅरिसला जाणारं विमान शेंगेनच्या आतलं धरतात, म्हणून प्रवेशाची पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होते. आपण तिथे चहा प्यायलाही बाहेर पडणार नसलो, तरी पहिला प्रवेश तिथलाच. दाजी म्हणाले, "अरे, जर्मनीत तर आम्ही राहतच नाही!" राहण्याचा प्रश्न 25 मध्ये संपला, 26 मध्ये फक्त प्रवेशाची तपासणी कुठे होते तेवढंच बघायचं.

27 मध्ये किती वेळा आत शिरणार ते विचारतात. यांच्यासाठी एकदा पुरे, कारण फ्रँकफर्ट, पॅरिस, रोम सगळं एकाच कुंपणाच्या आत. मध्येच दोन दिवस लंडनला जाऊन परत पॅरिसला यायचं असतं तर दोन प्रवेश मागावे लागले असते. स्वित्झर्लंडबद्दल लोक हमखास चुकतात. तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथे जाऊन आल्यानं प्रवेश वाढत नाही. याच रकान्यात येण्या-जाण्याच्या तारखा आहेत. दाजींनी परतीची 21 जून लिहिली होती, कारण हॉटेल 21 ला सोडायचं होतं. विमान मात्र मध्यरात्रीनंतर, 12 वाजून 40 मिनिटांनी, म्हणजे तिकिटावर 22 जून. एका दिवसाची चूक, पण प्रवास विमा 21 लाच संपत होता, तोही दुरुस्त करावा लागला. विमा सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि किमान 30,000 युरोंचा लागतो, आणि त्यावरच्या तारखा या रकान्याशी जुळायलाच हव्यात.

एवढं झालं की मग पहिल्या रकान्याकडे या. 1 ते 3 पासपोर्टप्रमाणे भरायचे, घरात आपण काय म्हणतो त्याप्रमाणे नाही. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र दुसऱ्या ओळीत असतं, तेव्हा मधलं नाव 3 मध्येच जातं, 1 मध्ये नाही. शंका आली तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी छापलेल्या दोन ओळी वाचा. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग << अशा दोन खुणा, आणि त्यानंतर उरलेली नावं. यंत्र नाव तिथूनच वाचतं. फोटोत क्रमांक धूसर असेल तर खालची ओळ कामी येते. आपल्या पासपोर्टच्या क्रमांकात आधी एक अक्षर आणि मग सात आकडे असतात, त्यामुळे मध्येच ओ दिसला तर तो ओ नाही, शून्य आहे.

रकाना 2 जन्माच्या आडनावाचा. ताईच्या अर्जात तिथे सासरचंच आडनाव पुन्हा लिहिलेलं होतं. तिथे माहेरचं हवं. ज्यांचं आडनाव कधी बदललंच नाही त्यांनी तेच पुन्हा लिहावं, रिकामं सोडू नये. 4 मध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशाच क्रमानं.

पासपोर्टचे रकाने 12 ते 16. यात एक गोष्ट अशी निघाली की बाकीच्या सगळ्या चुका तिच्यापुढे किरकोळ वाटल्या. नऊ वर्षांच्या मुलाचा पासपोर्ट 10 सप्टेंबरला संपत होता. जूनमधल्या सहलीला सप्टेंबरपर्यंतचा पासपोर्ट चालेल असंच कोणालाही वाटेल. पण नियम असा आहे की शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध पाहिजे. 22 जूनपासून तीन महिने म्हणजे 22 सप्टेंबर, आणि हा त्याच्या बारा दिवस आधीच संपतोय. शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि निदान दोन पानं कोरी असलेला लागतो. लहान मुलांच्या बाबतीत हे फार होतं, कारण त्यांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि आईबाप आपल्या दहा वर्षांच्या पासपोर्टच्या हिशोबात असतात. तो आधी नवा करून घ्यावा लागला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, म्हणजे यांच्यासाठी 28 मे. मार्च चालू होता म्हणून निभावलं.

नवा पासपोर्ट परदेशातल्या आपल्या वकिलातीतून आला की 16 मध्ये घोळ होतो. पासपोर्टवर देण्याचं ठिकाण म्हणून परदेशातलं शहर छापलेलं असतं, आणि लोक त्या शहराचा देश लिहून मोकळे होतात. रकान्यात कोणत्या देशानं दिला ते विचारलंय. पासपोर्ट कुठूनही मिळालेला असो, उत्तर भारतच.

19 आणि 20 हे परदेशात राहणाऱ्यांचे खास रकाने. 19 मध्ये सध्या राहता तिथला पत्ता द्यायचा, पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचा जुना नाही. 20 मध्ये 'नागरिकत्वाच्या देशाबाहेर राहता का' याला हो म्हणून परवान्याचा क्रमांक आणि मुदत लिहायची. हा परवाना प्रत्येकाचा वेगळा असतो. दाजींनी चारही अर्जांत स्वतःचाच क्रमांक उतरवला होता. मुदतीकडेही नीट बघा, कारण अर्ज तपासणाऱ्याला हा माणूस परत कुठे जाणार ते ठरवायचं असतं. बऱ्याच ठिकाणी परतीनंतर तीन महिने तरी परवाना शिल्लक मागतात, तेव्हा कोणाची मुदत जवळ आली असेल तर आधी ती वाढवून घ्या.

मुलांच्या अर्जात रकाना 10 आईवडिलांचा, तो दोन्ही मुलांच्या अर्जात भरायचा, जरी आईबाप सोबत चालले असले तरी. 21-22 मध्ये विद्यार्थी आणि शाळेचा पत्ता. 28 मध्ये मात्र तेरा वर्षांच्या भाचीच्या अर्जात गंमत झाली होती. हे सगळे तीन वर्षांपूर्वीही गेले होते, म्हणून आधी बोटांचे ठसे दिले का याला चौघांच्याही अर्जांवर 'हो'. पण बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतच नाहीत, आणि भाची तेव्हा दहाची होती. तिचं उत्तर 'नाही', आणि या खेपेला तिला ठसे द्यायला जावंच लागणार. भाच्याचंही 'नाही', आणि तो यंदाही सुटला. ताई-दाजींचं 'हो', आणि जुन्या व्हिसाचा क्रमांक सापडला तर लिहावा. ठसे 59 महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे सहसा त्यांना परत द्यावे लागत नाहीत.

30 मध्ये हॉटेलांची नावं, दोन्ही शहरांची. 29 सोडून द्या, तो युरोपमार्गे पुढे तिसऱ्याच देशात जाणाऱ्यांसाठी आहे. 32 मध्ये खर्च कोण करणार. दाजींचा स्वतःचा, पण मुलांच्या अर्जात 'स्वतः' वर खूण केलेली होती. नऊ वर्षांचं पोर स्वतःचा खर्च करत नाही, तिथे प्रायोजक निवडून वडिलांचं नाव लिहायचं. फीसुद्धा वयावर असते. मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांखालच्यांना 45. भाची तेरा पूर्ण, म्हणून तिचे पूर्ण 90, आणि चौघांचे मिळून 315. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत, तसं अर्जातच लिहून सही घेतात.

33 बद्दल ताईनं विचारलं, "इथे तुझं नाव लिहू का?" नको. हा रकाना अर्ज ज्यानं भरला त्याच्यासाठी, वाचून चुका काढणाऱ्यासाठी नाही. पण तिचा अर्ज दाजींच्या अक्षरात होता, तेव्हा तिच्या अर्जात दाजींचं नाव, पत्ता, फोन आला पाहिजे. सही तिची, आणि मुलांच्या अर्जावर आईवडिलांची.

तीन आठवड्यांनी नव्यानं भरलेल्या अर्जांचे फोटो आले, या वेळी चिठ्ठ्यांसकट आणि चकाकीविना. भाच्याच्या पानावर 13 मध्ये नवा क्रमांक होता, 15 मध्ये नवी मुदत होती, आणि 14 मध्ये पासपोर्ट काढल्याची तारीख अजून जुन्याच पासपोर्टची.