एकरकमी घ्यायचे की पेन्शन? हिशोबातल्या या चुका टाळा

रिटायरमेंट जवळ आली की लोक एक कागद घेऊन येतात आणि मागच्या बाजूला एकच भागाकार असतो. पंचवीस लाख भागिले साडेसोळा हजार, उत्तर 151 महिने आणि काही दिवस, म्हणजे साडेबारा वर्षांत वसूल, साठ अधिक साडेबारा, मग त्र्याहत्तरीच्या पुढं सगळा फायदाच. झालं, निर्णय पक्का. तो भागाकार बघून आता मला राग पण येत नाही, नुसता कंटाळा येतो.

आकडे तेच धरू. वय 60, एकतर आज 25 लाख हातात, नाहीतर मरेपर्यंत महिना 16,500, त्यात वाढ नाही, माणूस गेला की बंद. भागाकारात चूक ही की आज मिळणारे 16,500 आणि पंधरा वर्षांनी मिळणारे 16,500 सारखेच धरलेत, म्हणजे 25 लाख कपाटात ठेवले तर त्यावर एक रुपया व्याज येणार नाही असं मानलंय. 25 लाख 6 टक्क्यांनी ठेवून त्यातनंच महिना 16,500 काढत गेलात तर पैसे साडेबारा नाही, तेवीस वर्षं आठ महिने पुरतात. म्हणजे बरोबरीचं वय त्र्याहत्तरच्या आसपास नाही, जवळजवळ 84 आहे. 5 टक्के धरलं तर बरोबर 20 वर्षं, वय 80. शीटमध्ये असं:

```
=NPER(6%/12,16500,-2500000)/12
```

उलट बाजूनं पण विचारता येतं, की मी 85 पर्यंत जगलो तर या पेन्शननं मला किती टक्के दिले? तो ब्रेक-ईव्हन दर. त्यापेक्षा जास्त तुम्ही स्वतः कमवू शकत असाल तर एकरकमी बरी, नाहीतर पेन्शन.

```
=RATE(300,16500,-2500000)*12
```

उत्तर साधारण 6.25 टक्के. 80 ला गेलात तर 5, आणि 90 गाठलीत तर 6.9.

ते \*12 विसरू नका, आणि दशांश उघडा

आमच्या गल्लीतल्या अण्णांच्या घरी यावरनं जे झालं ते सांगतोच. शिरोली एमआयडीसीतनं रिटायर होणार होते, आकडे साधारण असेच. पोरानं एक्सेलमध्ये RATE टाकला, पुढं बारानं गुणलं नाही, आणि एक्सेल त्या सेलला आपोआप टक्क्याचा फॉरमॅट लावतं, दशांश न दाखवता. खरं उत्तर महिन्याला 0.52 टक्के, सेलमध्ये दिसलं 1%. पोरगा म्हणाला, "आबा, एक टक्का रिटर्न, ही पेन्शन म्हणजे कचरा." जावई शेजारीच बसलेले, ते जरा हुशार, ते म्हणाले, "अहो महिन्याचा आहे तो, वर्षाला बारा टक्के होतात, डोळे झाकून पेन्शन घ्या." एकाच सेलवरनं दोन उलटे सल्ले, दोन्ही चूक, आणि दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. अण्णा माझ्याकडं आले ते म्हणायला, "तुम्हीच बघा बाबा, माझ्या घरात आता चहा पण गप्प बसून पितात."

माझी सवय अशी की RATE चं उत्तर आलं की ते परत NPER मध्ये घालतो. 6.25 घातलं आणि 25 वर्षं परत आली तर ठीक, नाही आली तर कुठंतरी महिना-वर्ष मिसळलंय. आणि रकमेच्या पुढचं मायनस गाळलं तर RATE एरर देईल आणि NPER उणे वर्षं दाखवेल, ते बघून घाबरू नका.

#NUM! आला म्हणजे शीट बिघडली असं नाही

यावर मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं. लोक 6 च्या जागी सीनियर सिटिझन स्कीमचा 8.2 टाकतात आणि NPER म्हणतं #NUM!. मग फॉर्म्युला खोडून परत लिहितात, मोबाईलवर करून बघतात, पोराला फोन. अरे थांबा जरा. 25 लाखाला 8.2 टक्क्यांनी महिन्याला 17,083 व्याज होतं, पेन्शन आहे 16,500. नुसत्या व्याजातनंच पेन्शन निघते, मुद्दलाला हात लागत नाही, मग कितीही जगा, पेन्शन गाठूच शकत नाही. शीट खरं तेच सांगतेय, की असं वय नाही. ही सीमा कुठंय ते एका भागाकारात कळतं: वर्षाचे 1,98,000 भागिले 25 लाख, म्हणजे 7.92 टक्के. त्याच्या वर एकरकमी कायम पुढं.

पण इथंच उतावळे लोक फसतात, #NUM! चा अर्थ कळला की लगेच "मग एकरकमीच!" म्हणून मोकळे. ती स्कीम पाच वर्षांची, आणि पेन्शन तीस वर्षं चालू शकते. पाच वर्षांनी रिन्यू करताना जो दर असेल तो मिळणार. 2020 च्या मार्चपर्यंत तो 8.6 होता, एप्रिलमध्ये 7.4 झाला, 2023 च्या एप्रिलमध्ये 8.2 वर गेला. 7.4 धरून NPER केलं तर बरोबरीचं वय 97 येतं, 6 वर 84. दरात 1.4 टक्क्यांचा फरक आणि वयात तेरा वर्षांचा! म्हणून मी एक उत्तर कधी देत नाही, 5, 6, 7 असे तीन दर टाकून तीन वयं लिहून देतो (7 ला जवळजवळ 91), आणि दर टॅक्स जाऊन हातात राहणारा धरायला सांगतो, पेन्शन पण टॅक्स जाऊन.

"सरासरी आयुष्य 70 च आहे ना"

नाही हो. 70 च्या आसपास आहे ते जन्मलेल्या बाळाचं. त्यात लहानपणी, तरुणपणी गेलेले पण मोजलेत. जो साठीला पोचला त्याचं सरासरी अजून साधारण 18 वर्षं, बायकांचं थोडं जास्त. 70 धरलं तर दहा वर्षांत पेन्शनचे 19.8 लाखच येतात, दर मायनसमध्ये जातो आणि पेन्शन उगीच वाईट दिसते. आणि 78 ही सरासरी आहे, शेवटची तारीख नव्हे. घरात आजी-आजोबा नव्वदीला असतील तर 90 चं उत्तर पण बघा. शुगर, बायपास झालंय, तर 75 चं बघा, तिथं दर जेमतेम 2.4 येतो.

बायकोचं वय न विचारता केलेला हिशोब मी फाडून टाकतो. पेन्शन दोघांतल्या शेवटच्यापर्यंत चालणार असेल आणि महिना 16,500 च्या जागी 15,000 मिळणार असेल, तर 6 टक्क्यांवर बरोबरीला तीस वर्षं लागतात. पण वहिनी 55 च्या असतील तर त्या तेव्हा 85 च्या, ते काही अशक्य नाही.

सरकारी लोकांनी वरचा हिशोब पेन्शन विक्रीला, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून आज एकरकमी घेण्याला, लावू नये, ते प्रकरण वेगळं. तिथं विकलेला भाग 15 वर्षांनी परत चालू होतो, म्हणून तिथं ब्रेक-ईव्हन वय नसतं, मुदत 180 महिन्यांचीच. केंद्र सरकारचा 60 ला रिटायर झालेला माणूस, फॅक्टर 8.194, तर महिन्याच्या पेन्शनमधला 1 रुपया सोडला की 8.194 गुणिले 12, म्हणजे 98.33 रुपये मिळतात. `=RATE(180,1,-98.33)*12` केलं की 9 टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे त्या दरानं घेतलेलं कर्जच, फक्त मधेच माणूस गेला तर फॅमिली पेन्शनमधनं कापत नाहीत. आणि सोडलेल्या पेन्शनवर डीए पण जातो असं धरून जे शीट बनवतात, त्यांनी ती ओळ खोडावी, डीए मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो.