फुलांचं दुकान, गिफ्ट शॉप आणि दोघांचं एक बक्षीस

बेळगावात ज्या घरी वाढदिवसाचा बुके जातो, त्याच घरी बहुतेक वेळा फोटोफ्रेम किंवा कपांची जोडीही जाते. गिऱ्हाईक एकच असतं, फक्त दोन दुकानांत पैसे मोजतं. म्हणून फुलवाले आणि गिफ्ट शॉपवाले इन्स्टाग्रामवर एकत्र पोस्ट टाकून गिव्हअवे ठेवतात. तो बहुधा एकाच कारणाने फसतो: बक्षिसाचा अर्धा भाग दोन-चार दिवसांत कोमेजतो आणि उरलेला अर्धा वर्षभर शोकेसमध्ये बसू शकतो, हे ठरवताना कुणाच्या लक्षात येत नाही. तारीख, खर्च आणि नियम हे तिन्ही फुलांच्या सोयीने ठरवावे लागतात. फ्रेम थांबते, गुलाब थांबत नाही.

पहिला प्रश्न कधी ठेवायचा. नवीन माणूस हमखास फेब्रुवारी म्हणतो. 14 फेब्रुवारीच्या आठवड्यात गुलाबाचा भाव चढलेला असतो, दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि त्या गर्दीत फुकटचा बुके बांधायला कारागिराला वेळ नसतो. त्यापेक्षा आषाढ बघा. लग्नं नसतात, वास्तुशांत नसते, फुलाला मागणी कमी असते आणि हात मोकळे असतात. गिफ्ट शॉपलाही श्रावणातल्या राख्या लावण्याआधी लोकांच्या नजरेत यायचं असतं. आषाढी एकादशी आणि गुरुपौर्णिमा हे दोन दिवस तेवढे टाळा, कारण तेव्हा हार-फुलांची झुंबड असते. आपल्याकडचा पाऊस मात्र लक्षात ठेवावा लागतो. लागून राहिलेल्या पावसात गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके पडतात, ती बुरशी असते, आणि जुडी आतून ओली आली असेल तर ती रात्रीत पसरते. घेताना रबर काढून जुडी सोडवून बघा.

आता बक्षीस. समजा 12 गुलाबांचा बुके आणि एक लाकडी फोटोफ्रेम ठरली. बुके दुकानात 600 रुपयांना विकला जातो आणि फ्रेम 650 ला. दोघंही म्हणतात, बरोबरी झाली. ती झालेली नसते. गुलाब 20 च्या जुडीत येतो. जुडी 160 रुपयांना पडली आणि मंद महिन्यात उरलेले 8 गुलाब खपले नाहीत, तर फुलवाल्याचा खर्च पूर्ण 160 धरावा लागतो. जिप्सी, कागद आणि रिबन मिळून 70. म्हणजे एकूण 230. फ्रेम गिफ्ट शॉपला खरेदीतच 380 ला पडलेली असते. विक्रीच्या भावाने मोजलं तर गिफ्ट शॉपच्या अंगावर 150 रुपये जास्त बसतात, आणि हे दुसऱ्या गिव्हअवेच्या वेळी कुरबुरीच्या रूपाने बाहेर येतं. तेव्हा आधीच खरेदीच्या भावाने मोजा आणि फरक कामातून भरून काढा: पोचवणुकीचे 60 आणि दोन्ही दुकानांत वाटायच्या कूपनकार्डांच्या छपाईचे 90 फुलवाल्याने उचलले की दोन्हीकडे 380 होतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या जुडीचा भाव तुम्ही घाला. गिफ्ट शॉप जीएसटीत असेल तर फुकट दिलेल्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, हेही हिशेबनीसाला सांगून ठेवा.

पोस्टमधला फोटो बक्षिसाचाच हवा. इंटरनेटवरून उचललेल्या पन्नास गुलाबांच्या फोटोखाली 12 गुलाब दिले की विजेता तुमच्याच पोस्टखाली तक्रार लिहितो. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, बुके आणि फ्रेम शेजारी ठेवून उभा फोटो काढा. खाली एक ओळ घाला: त्या दिवशी मिळेल त्या रंगाचे गुलाब दिले जातील.

कोलॅब पोस्टचं तंत्र सोपं आहे, पण एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ही पोस्ट एकच असते. ती दोन्ही प्रोफाइलवर दिसते, लाइक आणि कमेंट एकत्र जमतात, पण मालक पहिला टाकणाराच असतो. त्याने ती डिलीट केली तर दुसऱ्याकडूनही जाते, सगळ्या कमेंटसकट. म्हणून ज्या दुकानात दिवसभर मेसेजला उत्तर द्यायला माणूस बसतो, त्यानेच ती टाकावी. टाकताना लोकांना टॅग करण्याच्या पानावर Invite collaborators निवडून दुसऱ्या दुकानाचं अकाउंट घालायचं. दुसऱ्याने निमंत्रण स्वीकारेपर्यंत पोस्ट फक्त पहिल्याकडेच दिसते, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. फुलवाला पहाटे बाजारात गेलेला असतो, निमंत्रण दुपारपर्यंत पडून राहतं आणि सुरुवातीचे महत्त्वाचे तास एकाच दुकानाच्या फॉलोअर्सवर जातात. दोघांनी फोन हातात घेऊन एकाच वेळी बसावं. दोन्ही अकाउंट पब्लिक आहेत ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

कॅप्शन मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही लिहा. गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं आहे आणि एकच भाषा ठेवली की कमेंटमध्ये बक्षीस राहतं बाजूला, वाद सुरू होतो. कन्नड मजकूर यंत्राच्या भाषांतरावर सोडू नका, शेजारच्या दुकानदाराला एकदा वाचायला द्या.

भाग घ्यायची अट काय असावी, यावर सगळ्यांत जास्त विचार करा. ‘तीन मित्रांना टॅग करा’ ही सवयीची अट आहे आणि ती गिव्हअवेमागे फिरणारी अकाउंट गोळा करते. निकाल लागला की ती फॉलो काढून टाकतात. त्याऐवजी प्रश्न विचारा: ‘पुढच्या तीन महिन्यांत तुमच्या घरी कुणाचा वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस आहे? नातं आणि महिना लिहा.’ कुणी लिहितं ‘आईबाबांचा लग्नाचा वाढदिवस, ऑगस्ट’, कुणी ‘वन्सं, सप्टेंबर’. कमेंट कमी येतात, पण येणारी प्रत्येक कमेंट म्हणजे दोन्ही दुकानांसाठी पुढच्या ऑर्डरची नोंद असते. पूर्ण तारीख, नाव किंवा फोननंबर उघड कमेंटमध्ये मागू नका. नंबर फक्त विजेत्याकडून, तोही मेसेजमध्ये घ्यायचा. इतरांना व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवायची असेल तर आधी विचारा.

फेसबुकवरही टाकत असाल तर ‘आपल्या टाइमलाइनवर शेअर करा’ ही अट घालता येत नाही, तिथल्या नियमात ती बसत नाही. इन्स्टाग्रामच्या नियमाप्रमाणे ही योजना इन्स्टाग्रामने पुरस्कृत केलेली नाही आणि तिच्याशी त्याचा संबंध नाही, असं कॅप्शनमध्ये लिहावं लागतं. आणि ‘500 ची खरेदी करा, सोडतीत भाग घ्या’ असं कधीही ठेवू नका. पैसे भरून नशिबाचं बक्षीस म्हटलं की प्रकरण लॉटरीकडे झुकतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या नशिबाच्या स्पर्धांचा उल्लेख अनुचित व्यापार प्रथेत आहे, आणि योजनेचा निकाल दडवणंही त्यात येतं. तेव्हा बक्षीस छोटं ठेवा, प्रवेश फुकट ठेवा, निकाल त्याच पोस्टवर जाहीर करा. बक्षीस मोठं करायचं मनात असेल तर आधी वकिलाला विचारा.

पोचवणुकीची हद्द कॅप्शनमध्ये नाव घेऊन लिहा: टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंदवाडी, कॅम्प. चंदगड, खानापूर, निपाणीचे लोकही बेळगावात खरेदीला येतात, त्यांनी दुकानात येऊन न्यावं. हे लिहिलं नाही तर विजेता पुण्याचा निघतो आणि फ्रेम कुरिअरने जाते, पण बुके कसा पाठवणार?

मुदत सात दिवस पुरे. सोडतीआधी पोस्टखालच्या लपलेल्या कमेंट उघडून बघा. इन्स्टाग्राम काही कमेंट स्पॅम समजून बाजूला टाकतं, आणि त्यात खरी माणसंही असतात. मग सगळी नावं गूगल शीटमध्ये एकाखाली एक लिहून अनुक्रमांक द्या, एका माणसाचं नाव एकदाच. 84 नावं झाली तर रिकाम्या चौकोनात हे लिहायचं:

```
=RANDBETWEEN(1,84)
```

शीटमध्ये कुठेही काही बदललं की हा आकडा पुन्हा बदलतो. म्हणून नावांची यादी दाखवण्यापासून आकडा येईपर्यंत स्क्रीन रेकॉर्ड करा आणि दोन्ही दुकानांची माणसं समोर असू द्या. डब्यातल्या चिठ्ठ्यांनीही काम होतं, फक्त व्हिडिओ हवा.

सोडतीच्या दिवशी एक धोका ठरलेला असतो. तुमच्याच नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून, तुमचाच फोटो लावून कुणीतरी खोटं अकाउंट काढतं आणि कमेंट करणाऱ्यांना मेसेज टाकतं: ‘तुम्ही जिंकलात, पोचवणुकीचे पैसे पाठवा.’ म्हणून कॅप्शनमध्ये पहिल्या दिवसापासूनच लिहा की विजेत्याकडून आम्ही पैसे, ओटीपी किंवा लिंकवर क्लिक मागत नाही, आणि मेसेज फक्त याच दोन अकाउंटवरून येईल. खोटं अकाउंट दिसलं की दोन्ही दुकानांनी रिपोर्ट करावं आणि स्टोरीत सांगावं.

विजेत्याला उत्तर द्यायला 48 तास द्या, नाही आलं तर दुसरी सोडत. तारीख त्याला निवडू द्या, पण दोन दिवस आधी कळवायची अट घाला, म्हणजे जुडी वेगळी मागवावी लागत नाही. बुके त्याच सकाळी बांधायचा. आदल्या रात्री बांधून गिफ्ट शॉपच्या काउंटरवर ठेवला की एसीच्या कोरड्या हवेत, पाण्याशिवाय, सकाळपर्यंत माना टाकतो. फ्रेम फुलवाल्याकडे आधी पोचती करा आणि दोन्ही एकत्र तिथूनच निघू द्या. देठं तिरकी कापून ओल्या कापसात गुंडाळून, वर प्लास्टिक बांधलं तर पावसातल्या स्कूटरच्या फेरीतही बुके तग धरतो. फ्रेम मात्र वेगळ्या पिशवीत घाला, देठातलं पाणी लाकडावर डाग पाडतं.

नंतरचा हिशेब लाइकांवर करू नका. छापलेली कूपनकार्डं इथे कामाला येतात. फुलांच्या दुकानात वाटायच्या कार्डावर PHUL10, ते चालेल गिफ्ट शॉपमध्ये. गिफ्ट शॉपमध्ये वाटायच्या कार्डावर BHET10, ते चालेल फुलांच्या दुकानात. मुदत एक महिना, दोन्हीवर 10 टक्के सूट. महिना संपला की दोघांनी परत आलेली कार्डं एकाच टेबलावर मोजायची, आणि मूळ पोस्टवाल्याने इन्साइट्सचा स्क्रीनशॉट दुसऱ्याला द्यायचा. एका बाजूची 20 कार्डं परत आली आणि दुसऱ्या बाजूची दोनच, तर बहुतेक वेळा दोष पोस्टचा नसतो. ज्या दुकानातून वाटलेली दोनच कार्डं परत आली, तिथला काउंटरवरचा पोऱ्या कार्ड देतच नाही, गठ्ठा गल्ल्याखाली पडलेला असतो. आधी तो बघा, मग पुढच्या गिव्हअवेचं बोला.