इंदूरहून बडोद्याला: पगार वाढवून मागणाऱ्या पत्राची तयारी

ऑफर लेटर हातात आलं की आधी बघायचं ते त्याला जोडलेलं पगाराचं विवरण. पहिल्या पानावरचा आकडा सीटीसीचा असतो, म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला कितीला पडणार तो. घरी काय येणार, हे विवरणाशिवाय कळत नाही. ते जोडलेलं नसेल तर मागून घ्यावं आणि तोवर 'हो' किंवा 'कमी वाटतंय' यातलं काहीच बोलू नये. हातातल्या नोकरीचा राजीनामाही तोवर खिशातच राहू द्यावा.

सोबत ठेवायचे कागद मोजकेच आहेत: चालू नोकरीच्या शेवटच्या तीन स्लिपा, चालू सीटीसीचं विवरण आणि नव्या शहरातल्या भाड्याचा खरा आकडा. भाडं अंदाजाने लिहू नये. गोत्री किंवा वासणा-भायली भागातल्या दोन-तीन दलालांना फोन करून विचारावं, कारण पत्रातला हाच एक आकडा समोरच्याला तपासता येतो.

आता हिशेब. इंदूरला वडिलोपार्जित घरात राहणारा एक इंजिनिअर धरू. आजचा सीटीसी साडेअकरा लाख, महिन्याचा ग्रॉस ९२,०००. त्याची कंपनी पीएफ १५,०००च्या मर्यादेवरच कापते, म्हणजे महिन्याला १,८००. मध्य प्रदेशचा व्यवसाय कर वर्षाला २,५००, म्हणून अकरा महिने २०८ आणि एका महिन्यात २१२. नव्या करपद्धतीत आयकर शून्य. हातात येतात ८९,९९२.

बडोद्याची ऑफर साडेचौदा लाखांची, म्हणजे कागदावर २६ टक्के वाढ. मूळ वेतन सीटीसीच्या निम्मं, ७,२५,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ पूर्ण मूळ वेतनावर, १२ टक्क्यांनी ८७,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ३४,८७२. व्हेरिएबल एक लाख. हे तिन्ही वजा केल्यावर महिन्याचा ग्रॉस १,०२,३४४ राहतो. त्यातून स्वतःच्या वाट्याचा पीएफ ७,२५० आणि गुजरातचा व्यवसाय कर २०० गेला की हातात ९४,८९४. सव्वीस टक्क्यांचे साडेपाच टक्के झाले. त्यातून भाड्याचे १६,००० गेले की उरतात ७८,८९४, आजच्यापेक्षा अकरा हजार कमी. नव्या करपद्धतीत घरभाडे भत्त्यावर सूट नाही, त्यामुळे भाड्याची पावती इथे कामाची नाही.

इथेच बहुतेक जण पत्र पाठवून मोकळे होतात आणि फसतात. एचआरचं उत्तर तयार असतं: "पीएफ तुमचाच पैसा आहे." म्हणणं चूक नाही. म्हणून ती ओळ आपणच आधी मांडावी. दोन्ही वाट्यांचा पीएफ धरून आज महिन्याला ९३,५९२ होतात. ऑफरमध्ये १,०९,३९४, भाडं जाता ९३,३९४. सगळा पीएफ मोजूनही जवळपास दोनशे रुपये तोटाच. पत्रातला सगळ्यात वजनदार आकडा हाच. अकरा हजारांचा नाही, कारण त्याला लगेच उत्तर आहे. या दोनशेला नाही. ग्रॅच्युइटी मात्र दोन्हीकडून बाहेर ठेवावी. ती साधारणपणे पाच वर्षं सलग टिकल्यावर मिळते, आणि पहिल्याच पत्रात पाच वर्षांची भाषा कोणी करत नाही.

मागायचा आकडा मग उलट्या बाजूने काढायचा: हातात किती हवे ते ठरवून सीटीसीकडे यायचं. इथे वाटेत एक खड्डा आहे. २०२५-२६च्या दरांनी ७५,०००ची प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० ग्रॉसपर्यंत पगारदाराला कर नाही. त्यापुढे सीमांत सवलत लागू होते, म्हणजे बारा लाखांच्या वरचं जेवढं करपात्र उत्पन्न, तेवढाच कर. ऐकायला बरं वाटतं, पण अर्थ असा की साधारण १३,४५,००० ग्रॉसपर्यंत वाढलेला प्रत्येक रुपया करात जातो, आणि त्या करावर ४ टक्के उपकर खिशातून. आपल्या ऑफरमधला व्हेरिएबल नेमका याच खड्ड्यात पडतो: पूर्ण एक लाख मिळाला तरी कर आणि उपकर मिळून ५५,२५३ जातात, उरतात ४४,७४७.

म्हणून मागणीचे दोन भाग करावेत. पहिला, पीएफ १५,०००च्या मर्यादेवर ठेवावा. कंपनीचं धोरण परवानगी देत असेल तर यात तिचा एक पैसाही वाढत नाही, वाचलेली रक्कम विशेष भत्त्यात येते. दुसरा, सीटीसी सोळा लाख. दोन्ही मिळाले तर आयकर आणि उपकराचे वर्षाला ८८,१२८ जाऊनही महिन्याला १,१०,६४९ हातात येतात, भाडं जाता ९४,६४९. ऑफरवर दहा टक्के वाढ म्हणजे मागणी तोंड वेंगाडून केल्यासारखी दिसत नाही आणि हवेतलीही वाटत नाही.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण गाभा असा असावा: "कामाचं स्वरूप मला पसंत आहे आणि रुजू व्हायची इच्छा आहे. सध्याच्या आणि आपल्या विवरणाची तुलना सोबतच्या तक्त्यात केली आहे. दोन्ही बाजूंचा पीएफ धरून आणि बडोद्याचं भाडं वजा करून मासिक रक्कम ९३,५९२ वरून ९३,३९४ होते. पीएफ वैधानिक मर्यादेवर ठेवून सीटीसी १६,००,००० केल्यास ती ९८,२४९ होईल. याच रकमेवर मी लगेच स्वीकृती देऊ शकेन." एवढंच. घरचा कर्जाचा हप्ता, मुलांची शाळा, आईची औषधं यातलं काही नको; त्याने कंपनीच्या दृष्टीने तुमची किंमत बदलत नाही. तक्ता एका पानाचा, चार ओळींचा. चालू पगाराचा आकडा स्लिपशी रुपयापर्यंत जुळला पाहिजे, कारण स्लिपा नंतर मागितल्या जातातच.

एचआर अर्ध्यावर यायला बघेल: "पीएफ मर्यादेवर ठेवतो आणि पंधरा लाख करतो." लगेच खूश होऊ नये. व्हेरिएबल सोडून हिशेब केला तर पीएफ मर्यादेवर असताना साडेचौदा लाखांत महिन्याला १,०४,१८८ येतात आणि पंधरा लाखांत १,०४,०२६. पन्नास हजार वाढले आणि हातातले दीडशे कमी झाले. व्हेरिएबल त्याच वर्षात मिळाला तर वर्षाच्या हिशेबात फरक पडतो, पण पहिल्या वर्षाचा व्हेरिएबल बहुधा पुढच्या आर्थिक वर्षात हाती येतो. अशा वेळी ते वाढीव पन्नास हजार कंपनीच्या वाट्याच्या एनपीएसमध्ये टाकायला सांगावं. नव्या करपद्धतीतही मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत त्यावर वजावट मिळते. पैसे अडकतात हे खरं, पण करात जाण्यापेक्षा बरं.

तोंडी कबूल झालेलं सगळं सुधारित विवरणात उतरलंय का ते सही करण्याआधी बघावं, विशेषतः पीएफची ओळ. सीटीसीचा आकडा बदलून पीएफ जुन्याच सूत्राने पूर्ण मूळ वेतनावर ठेवलेलं विवरण परत येणं अगदी नेहमीचं आहे. तिथे वर्षाला २१,६०० दिसले की सही.