बालमृत्यूतली गरीब-श्रीमंत दरी समजावताना या चुका टाळा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशभरात सर्वांत गरीब एक पंचमांश हिश्शात हजार जन्मांमागे 59 मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावली, तर सर्वांत सधन हिश्शात 20. हा फरक का पडतो, हे सांगायला निघालेली नवी पोरं धुळे-नंदुरबारची आकडेवारी घेऊन दरवर्षी माझ्याकडे येतात. त्यांच्या चुका मात्र त्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रजिस्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवणं. एका पोराने सातपुड्यातल्या एका तालुक्याची नोंदवही मिळवली आणि एका रात्रीत आलेख काढला. त्यात रस्त्याकाठच्या खात्यापित्या गावांपेक्षा डोंगरातल्या पाड्यांवर बालमृत्यू कमी दिसत होते. वर त्याने कारणही लिहिलं होतं: ‘आदिवासींचा नैसर्गिक आहार’. मी म्हटलं, चल, बघून येऊ.

पाड्यावर वर्षभरातले 31 जन्म नोंदलेले होते, मृत्यू शून्य. आशाताईंना बरोबर घेऊन आम्ही घरोघरी बसलो, तेव्हा 38 जन्म आणि 3 मृत्यू निघाले. एक बाळ ऊसतोडीच्या अड्ड्यावर अकराव्या दिवशी गेलं होतं. त्याची नोंद ना इथे, ना तिथे. दुसरं घरीच जन्मलं आणि चौथ्या दिवशी गेलं, म्हणून त्याचा जन्मही नोंदला नव्हता आणि मृत्यूही. तिसऱ्यापुढे ‘मृतजन्म’ लिहिलं होतं. आईला विचारलं, बाळ रडलं होतं का? ती म्हणाली, रडलं, सकाळपर्यंत होतं. म्हणजे ते जिवंत जन्मलं होतं. 38 जन्मांवरून दर काढू नये हे खरं, पण आलेख उलटा का दिसत होता ते त्या पोराला कळलं. जिथे गरिबी जास्त, तिथेच नोंद गळते. त्यामुळे दरी कागदावर पुसली जाते.

माझी सवय अशी: आधी मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू शेजारी शेजारी मांडतो. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. एखाद्या गावात मृतजन्म भरपूर आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू जवळजवळ नाहीत, असं दिसलं की तिथे जायचं. आईला ‘बाळं किती’ असं न विचारता पहिल्या बाळंतपणापासून एकेक विचारायचं: रडलं का, हललं का, श्वास घेतला का. तारीख आठवत नसेल तर काठी गावच्या होळीआधी की नंतर, असं विचारायचं. याला वेळ लागतो. घाई असेल तर दुसरा विषय घ्यावा.

दुसरी चूक हुशार पोरं करतात. संगणकात उत्पन्न, जन्मवजन, आईचं शिक्षण, शौचालय सगळं एकदम टाकतात आणि जाहीर करतात की ‘बाकीचे घटक समान धरल्यावर उत्पन्नाचा परिणाम उरत नाही’. अरे, उरेल कसा? घरात पैसा नाही म्हणून मुकादमाची उचल घेतली, उचल फेडायला सातव्या महिन्यात बाई ऊस तोडायला गेली, पोटभर खाणं आणि विश्रांती मिळाली नाही, बाळ अडीच किलोच्या आत भरलं आणि दगावलं. यातलं वजन समान धरलं की गरिबीची वाटच कापली. जळगावकडच्या केळीवाल्याला विचारा. पाणी मिळालेली आणि न मिळालेली बाग घ्यायची, घडाचं वजन दोन्हीकडे सारखं धरायचं आणि म्हणायचं, पाण्याने उत्पन्नात फरक पडत नाही! तो हसेल. मी आधी कागदावर बाण काढायला लावतो. उत्पन्नाकडून मृत्यूकडे जाणाऱ्या वाटेवरची गोष्ट एकूण परिणाम मोजताना गणितात घ्यायची नाही. कोणत्या वाटेने किती परिणाम जातो, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच मांडावा.

त्याचंच धाकटं भावंड: सुरुवातीला सांगितलेल्या सर्वेक्षणातले पाच गट उत्पन्नाचे नाहीतच. ते घरातल्या वस्तू, फरशी, पाणी, शौचालय, इंधन यांवरून पाडलेले आहेत. तेव्हा त्याच गटांतली दरी ‘शौचालय नसल्यामुळे’ असं समजावणं म्हणजे शौचालय दोनदा मोजणं.

‘गरीब’ आणि ‘बाकीचे’ असे दोनच रकाने करू नका, मधल्या गटांतला उतार दिसेनासा होतो.

दरी कमी झाली म्हणताना वजाबाकी सांगताय की भागाकार, ते लिहा. समजा, 60 आणि 20 चे 36 आणि 10 झाले, तर फरक 40 वरून 26 वर आला, पण पट 3 वरून 3.6 वर गेली.

आणि पहिला महिना नंतरच्या काळापासून वेगळा काढा. पहिल्या महिन्यात अपुऱ्या दिवसांचं बाळ, गुदमरणं, जंतुसंसर्ग. पुढे जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण. श्रीमंत-गरीब अंतर सहसा या पुढच्या काळात जास्त पटीचं असतं. त्या पोराने हे वेगळं केलं, तेव्हा पाड्यावरचे तिन्ही मृत्यू पहिल्या महिन्यातलेच निघाले, आणि ‘आहार’ हा शब्द त्याने स्वतःच खोडला.