‘की’ लिहिताना या चुका टाळा: प्लंबर आला का नाही?

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत सभेचं इतिवृत्त आधी इंग्रजीत लिहितात, मग त्याचं मराठी करून जिन्यापाशी लावतात. परवा त्यात एक वाक्य होतं: ‘प्लंबर म्हणाला की तो मंगळवारी येणार होता आणि पंप बिघडलेला होता.’ संध्याकाळपर्यंत तिघांनी विचारलं, “मग आला का नाही? पंप कधी दुरुस्त झाला?” खरं तर मंगळवार अजून उजाडायचा होता आणि टाकीत पाणी चढत नव्हतं.

गडबड ‘दॅट’ची. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी असलं की ‘दॅट’नंतरचं क्रियापदही सहसा मागे सरकतं, ‘विल’चं ‘वूड’ होतं, ‘इज’चं ‘वॉज’. मराठी ‘की’ काळाला हात लावत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडी जो काळ होता, तोच पुढे राहतो. म्हणून ‘येणार होता’ वाचलं की आपल्याला ‘पण आला नाही’ असंच ऐकू येतं.

सर्वनामाचंही तेच. ‘तो येणार’ म्हटलं की प्लंबर स्वतः येणार की त्याचा माणूस, असा प्रश्न पडतो. सरळ लिहा: ‘प्लंबर म्हणाला की मी मंगळवारी येतो, पंप बिघडलाय.’ ‘की’च्या पुढचा भाग प्लंबरच्या तोंडी घालून पाहा, शोभला तर वाक्य बरोबर.

मात्र हा ‘मी’ म्हणजे अवतरण नव्हे. प्लंबरचे खरे शब्द होते, “मंगळवारी बघतो ना साहेब, पंपच गेलाय.” अवतरणचिन्हं लावलीत तर हेच शब्द द्यावे लागतील. ‘की’ लावलात तर ‘मी’ त्याचा, शब्द तुमचे. इंग्रजीत ही मधली सोय नाही. चिन्हं काढली की ‘मी’चा ‘तो’ करावाच लागतो.

सोयीला खोट आहेच. ‘चिटणीस म्हणाले की मी वर्गणी भरली नाही.’ कोणी, चिटणिसांनी की लिहिणाऱ्याने? बोलताना सूर सांगतो, कागदावर सूर नसतो. चिटणीस स्वतःबद्दल बोलत असतील तर ‘की’ काढून चिन्हं द्या: चिटणीस म्हणाले, “मी वर्गणी भरली नाही.” बाकी लिहिणाऱ्याची असेल तर खोली क्रमांक घाला: ‘चिटणीस म्हणाले की ३०४ ची वर्गणी बाकी आहे.’ ‘की’ आणि चिन्हं दोन्ही वापरणारे पुष्कळ आहेत. मला ते शर्टावर शर्ट घातल्यासारखं वाटतं.

सांगितलेली गोष्ट आधी आणायची असेल तर ‘की’ गळतो आणि ‘असं’ येतं: ‘पंप बिघडलाय, असं प्लंबर म्हणाला.’ ‘की पंप बिघडलाय, असं तो म्हणाला’ ही सुरुवात मराठीत चालत नाही.

आणि ऱ्हस्व ‘कि’ हिंदीतला. आपला ‘की’ दीर्घच. आमच्या फलकावर तो अजून ऱ्हस्व आहे, पंपासारखाच दुरुस्तीच्या प्रतीक्षेत.